माइल्स नंतर मागता येतात, बॅग आणि लाउंज नाही: फ्रीक्वेंट फ्लायर नंबरबद्दल सविस्तर

प्रश्न: मी पुण्यात एका इंजिनीअरिंग कंपनीत आहे, वर्षातून चार-पाच वेळा मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो होतं. तिकीट कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क काढतो, कधी लुफ्तान्सा, कधी एअर इंडिया, कधी अर्धं युनायटेड. माझ्याकडे एअर इंडियाचा जुना फ्लाइंग रिटर्न्सचा नंबर आहे पण तो कुठे टाकलाच नाही कधी. गेल्या दोन ट्रिपचे माइल्स आता मिळतील का? आणि माझा कलीग इकॉनॉमीतच बसतो तरी लाउंजमध्ये जातो आणि तीन बॅगा फुकट नेतो, ते कसं काय? नंबर नेमका कुठे आणि कधी टाकायचा?

उत्तर:

मी अठरा वर्षं तिकिटिंगच्या डेस्कवर आहे, आधी मुंबईत आणि आता पुण्यात, आणि तुमच्यासारखे लोक माझ्याकडे नेहमी दोन वेळा येतात, एकदा माइल्स आले नाहीत म्हणून आणि एकदा काउंटरवर बॅगेचे पैसे भरावे लागले म्हणून. दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, तो नंबर बुकिंगमध्ये नव्हता. पण दोन्हीत एक मोठा फरक आहे. माइल्स उडून झाल्यावरही मागता येतात, त्याला मुदत असते पण मागता येतात. बॅग आणि लाउंज मात्र त्या दिवशी, त्या काउंटरवर, कॉम्प्युटरमध्ये जे दिसतं त्यावरच मिळतात, घरी येऊन मेल लिहिला तर काही होत नाही. म्हणून माझं सगळं उत्तर याच फरकावर आहे.

आधी नंबर म्हणजे काय ते. फ्रीक्वेंट फ्लायर नंबर म्हणजे उड्डाणांवर माइल्स नावाचे पॉइंट देणाऱ्या एअरलाइनच्या प्रोग्रॅममधला तुमचा मेंबरशिप नंबर. तो तुमच्या पासपोर्टला किंवा मेल आयडीला आपोआप चिकटलेला नसतो, तो प्रत्येक बुकिंगमध्ये वेगळा घालावा लागतो. आमच्या सिस्टिममध्ये बुकिंग उघडलं की खाली `FQTV` नावाची ओळ दिसते, तिच्यात कुठल्या एअरलाइनचा प्रोग्रॅम, कुठला नंबर, कुठला पॅसेंजर आणि कुठला सेगमेंट एवढं असतं. सेगमेंट हा शब्द लक्षात ठेवा. मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो आणि परत म्हणजे चार सेगमेंट, आणि नंबर चारही सेगमेंटला लागायला हवा. लोकांना वाटतं एकदा टाकला की झालं, पण जाताना दिसतो आणि येतानाच्या एका सेगमेंटला नसतो असं मी बऱ्याचदा बघितलंय.

दुसरं म्हणजे एका सेगमेंटला एकच नंबर. लुफ्तान्साने जाताय म्हणून लुफ्तान्साचाच नंबर लागतो असं नाही. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात आहे, लुफ्तान्सा आणि युनायटेड तर 1997 मध्ये तो सुरू झाला तेव्हापासूनचे, त्यामुळे तुमचा एअर इंडियाचा नंबर तिघांच्याही फ्लाइटवर टाकता येतो. फ्लाइंग रिटर्न्सचं नाव आता महाराजा क्लब झालंय, तुमचं खातं तिथे लॉगिन करून चालू आहे का, मोबाइल नंबर जुना तर नाही ना, हे आधी बघून घ्या कारण ओटीपी जुन्या सिमवर जातोय म्हणून अडकलेली माणसं माझ्याकडे दर महिन्याला येतात. एका उड्डाणाचे माइल्स एकाच प्रोग्रॅममध्ये जमा होतात, आणि एकदा जमा झाले की ते उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. म्हणून लुफ्तान्साचे थोडे माइल्स अँड मोअरमध्ये, युनायटेडचे थोडे मायलेजप्लसमध्ये आणि बाकीचे महाराजा क्लबमध्ये असं करू नका. तीन ठिकाणी चिल्लर जमते आणि कुठेच टिअर, म्हणजे सिल्व्हर-गोल्डसारखा वरचा दर्जा, लागत नाही. तुमचा कलीग हुशार आहे एवढंच, त्याने तीनही एअरलाइनची उड्डाणं एका नंबरवर घेतली.

आता टाकायचा कसा. तुमचं तिकीट ट्रॅव्हल डेस्क काढतो म्हणजे पहिली जागा तिथेच. त्यांच्याकडे तुमचं एक प्रोफाइल असतं, त्यात नाव, पासपोर्ट, जेवणाची आवड वगैरे. त्याच प्रोफाइलमध्ये नंबर सेव्ह करायला सांगा, दर ट्रिपला मेल करून सांगत बसू नका, कारण डेस्कवरचा माणूस बदलतो आणि प्रोफाइल राहतं. तिकीट आल्यावर मात्र स्वतः बघायचं. ज्या एअरलाइनचं विमान आहे तिच्या वेबसाइटवर जाऊन बुकिंग उघडा. इथे एक गंमत आहे, तुमच्या तिकिटावर जो सहा अक्षरी पीएनआर असतो तो कधीकधी फक्त एका एअरलाइनचा असतो, दुसऱ्या एअरलाइनच्या सिस्टिममध्ये त्याच बुकिंगला वेगळा सहा अक्षरी कोड असतो. लुफ्तान्साचा पीएनआर युनायटेडच्या साइटवर टाकून बुकिंग सापडत नाही म्हणून लोक घाबरतात. घाबरू नका, डेस्कला विचारा की युनायटेडचा लोकेटर काय आहे, ते एका मिनिटात सांगतात. तो घेऊन त्यांच्या साइटवर गेलात की पॅसेंजरच्या माहितीत प्रोग्रॅम निवडायची यादी असते, तिथे एअर इंडिया निवडून नंबर टाकायचा.

साइटवर दिसला म्हणजे पक्कं झालं असं धरू नका. पक्कं कधी, तर ऑनलाइन चेक-इन झाल्यावर बोर्डिंग पासवर नंबर छापून आला की. ज्याला गोल्ड आहे त्याच्या बोर्डिंग पासवर नंबरच्या आसपास `*G` किंवा स्टार गोल्ड असं येतं. ते नाही दिसलं तर बॅग देण्याच्या आधी काउंटरवर सांगून टाकून घ्यायचं आणि पास परत छापून घ्यायचा, त्यासाठी ते नाही म्हणत नाहीत. बॅग टॅग होऊन पट्ट्यावर गेली की मग सांगून उपयोग नाही, तेव्हा माइल्सपुरता नंबर टाकतील पण बॅगेचा हिशोब संपलेला असतो.

नाव जुळण्याचा विषय आपल्या लोकांचा खास आहे. महाराष्ट्रात पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतं. तिकिटावर ते असं दिसतं:

```
DESHPANDE/ANAGHASHRIKANTMRS
```

मधली जागा सिस्टिम खाते, मिसेससुद्धा चिकटून बसतं. आणि फ्रीक्वेंट फ्लायरचं खातं मात्र दहा वर्षांपूर्वी घाईत नुसतं अनघा देशपांडे नावाने उघडलेलं असतं, किंवा लग्नाआधीच्या आडनावाने. माणसाला दोन्ही एकच वाटतं, मशीनला कधी वाटतं कधी नाही. काही एअरलाइन पहिली काही अक्षरं जुळली की सोडून देतात, काही नाही. यावर उपाय एकच आहे आणि तो तिकिटाच्या बाजूने नाही, खात्याच्या बाजूने करायचा, प्रोग्रॅमच्या खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे पूर्ण करून घ्यायचं, मधल्या नावासकट. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच राहू द्या, माइल्ससाठी ते छोटं करायला जाऊ नका, अमेरिकेच्या प्रवासात त्याने नसती उठाठेव होते. आडनाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा नवा पासपोर्ट अपलोड करून बदलून मिळतं. हे काम ट्रिपच्या आधी निवांत असताना करा.

आता तुमच्या गेल्या दोन ट्रिप. मिळू शकतात, पण लगेच बसा. प्रत्येक प्रोग्रॅमची मुदत वेगळी, साधारण सहा महिने ते वर्ष, ती उड्डाणाच्या तारखेपासून मोजतात, तिकीट काढल्याच्या नाही. आणि खातं उड्डाणाच्या आधीचं असेल तर प्रश्न नाही, तुमचं आहेच जुनं. ज्यांनी उडून झाल्यावर खातं काढलं त्यांना काही प्रोग्रॅम देतात काही नाही देत. उलट फार लवकरही मागू नका, स्वतःच्या एअरलाइनचे दोन-चार दिवसात येतात पण पार्टनरचे यायला एक-दोन आठवडे सहज जातात, त्याआधी क्लेम टाकला तर फॉर्मच घेत नाही.

क्लेम कुणाकडे करायचा यात निम्मे लोक चुकतात. विमान लुफ्तान्साचं असलं तरी क्लेम लुफ्तान्साकडे नाही करायचा, ज्या प्रोग्रॅममध्ये माइल्स हवेत त्याच्याकडे करायचा, म्हणजे तुमच्या बाबतीत महाराजा क्लबच्या साइटवर लॉगिन करून, मिसिंग माइल्स किंवा रेट्रो क्लेम अशा नावाचा भाग असतो तिथे. प्रत्येक सेगमेंटसाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो, कंटाळवाणं आहे पण एकात चार कोंबू नका.

त्यात मुख्य गोष्ट मागतात ती ई-तिकीट नंबर. हा पीएनआर नाही, हा तेरा आकडी असतो आणि पहिल्या तीन आकड्यांवरून तिकीट कुणी छापलं ते कळतं, एअर इंडियाचं 098, लुफ्तान्साचं 220, युनायटेडचं 016. युनायटेडच्या विमानात बसलात आणि तिकीट 220 ने सुरू होतंय तर काही चूक नाही, लुफ्तान्साने विकलेल्या तिकिटावर युनायटेडचं विमान होतं एवढंच. फॉर्मवर मात्र दोन्ही नीट लिहायचं. दुसरी गोष्ट बोर्डिंग पास. आपल्याकडे कंपनीच्या अकाउंट्सला ओरिजिनल द्यावा लागतो, म्हणून देण्याआधी मोबाइलवर फोटो काढायची सवय लावा, दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा, सीट नंबर आणि सिक्वेन्स नंबर दिसला पाहिजे. मोबाइलमधला पास असेल तर स्क्रीनशॉट, कारण उड्डाण झालं की तो ॲपमधून गायब होतो आणि मग शोधत बसा. पास नसेलच तर आधी अकाउंट्सकडे विचारा, तुमचं प्रवासाचं बिल अजून त्यांच्या फायलीत पडलेलं असेल, माझ्या एका क्लायंटचे आठ पास असे फायलीत सापडले होते. तिथेही नसेल तर ज्या एअरलाइनने उडालात तिच्याकडून तुम्ही खरंच प्रवास केल्याचं पत्र मागता येतं, काही जण त्याचे पैसे घेतात, म्हणून तो शेवटचा मार्ग.

क्लेम टाकायच्या आधी एक अक्षर बघा, मेहनत वाया जाणार नाही. ई-तिकिटावर क्लास म्हणून एक इंग्रजी अक्षर असतं, इकॉनॉमीतच ते Y, M, H, K, L, T असं काहीही असू शकतं. हे सीटचं नाव नाही, भाड्याचं नाव आहे. शेजारीशेजारी बसलेल्या दोघांची अक्षरं वेगळी असू शकतात. पार्टनरच्या विमानाचे माइल्स मोजताना प्रोग्रॅम या अक्षराचा तक्ता बघतो, महाग अक्षराला पूर्ण, स्वस्ताला चतुर्थांश आणि काहींना शून्य. तुमच्या प्रोग्रॅमच्या साइटवर पार्टनर एअरलाइनच्या पानावर तो तक्ता असतो. तुमचं अक्षर तिथे नसेल तर क्लेम बरोबर भरूनही काही येणार नाही, आणि ती चूक कुणाचीच नाही. माइल्स वापरून घेतलेल्या तिकिटावर तर माइल्स मिळतच नाहीत, आणि काही ग्रुप टूरच्या तिकिटांवरही नाही.

एक केस सांगतो, त्यात सगळं आलंय. माझा एक क्लायंट, पिंपरीत गिअर बनवणाऱ्या कंपनीत, त्याला स्टार गोल्ड होतं. जाताना सगळं व्यवस्थित, दोन्ही सेगमेंटचे माइल्स दहा दिवसात आले. येताना शिकागोहून निघणारी फ्लाइट रद्द झाली आणि एअरलाइनने त्याला दुसऱ्या दिवशी अलायन्समधल्याच दुसऱ्या एअरलाइनवर, दुसऱ्या शहरामार्गे टाकलं. आता असं होतं तेव्हा जुने सेगमेंट काढून नवे सेगमेंट घालतात, आणि नंबर होता जुन्या सेगमेंटला. नव्यावर तो आलाच नाही. याला ते कळायचं कारण नव्हतं, रात्रभर एअरपोर्टवर बसलेला माणूस, सकाळी काउंटरवर तीन बॅगा ठेवल्या आणि तिथल्या बाईंना स्क्रीनवर साधा पॅसेंजर दिसला. दोन बॅगा तिकिटात, तिसरीचे पैसे. याने फोनवर कार्ड दाखवायला घेतलं तर नेट चालेना, मागे रांग, शेवटी क्रेडिट कार्डने भरले आणि निघाला.

पुण्यात आल्यावर माझ्याकडे. येतानाच्या दोन्ही सेगमेंटचे माइल्स शून्य. आम्ही क्लेम टाकला, आठवड्यात नकार, नाव जुळत नाही. नवं तिकीट हाताने काढताना नाव आणि मधलं नाव चिकटवलं होतं, खात्यात मधलं नाव नव्हतंच. खातं पासपोर्टप्रमाणे दुरुस्त केलं, परत टाकला, तर एका सेगमेंटवर परत नकार, या क्लासला माइल्स नाहीत. कारण दुसऱ्या एअरलाइनवर टाकताना जे अक्षर मोकळं होतं ते दिलं होतं आणि ते तक्त्यात शून्याचं होतं. आता इथे बरेच लोक सोडून देतात. पण फ्लाइट एअरलाइनने रद्द केलेली असेल आणि मार्ग त्यांनी बदललेला असेल तर तुम्ही मूळ मार्गाचे, मूळ क्लासचे माइल्स मागू शकता, याला आमच्यात ओरिजिनल रूटिंग क्रेडिट म्हणतात. ते फॉर्मवर होत नाही, माणसाने वाचायचा मेल लागतो. आम्ही मेलमध्ये चार कागद लावले, जुनं ई-तिकीट ज्यावर मूळ क्लास होता, नवं ई-तिकीट, फ्लाइट रद्द झाल्याचा एसएमएस आणि दोन्ही बोर्डिंग पासचे फोटो. मेल चार ओळींचा, मी या तारखेला या मार्गाने जाणार होतो, तुम्ही रद्द केलं, मूळ तिकिटाप्रमाणे क्रेडिट द्या. संताप, वाट बघितल्याची कहाणी काही नाही. पाचेक आठवड्यांनी आले. आणि ते उड्डाणाच्या तारखेप्रमाणे मोजले गेल्यामुळे त्याचं पुढच्या वर्षीचं गोल्डही टिकलं.

तिसऱ्या बॅगेच्या पैशांसाठी त्याने पावती जोडून वेगळा मेल केला होता. उत्तर आलं की चेक-इनच्या वेळी बुकिंगमध्ये मेंबरशिप नव्हती. विषय संपला. त्यामुळे फ्लाइट बदलली, रद्द झाली, तारीख पुढे गेली, अपग्रेड झालं, काहीही हललं की पहिली गोष्ट नव्या बुकिंगमध्ये नंबर आहे का ते बघायचं. सीट नंतर बघा.

आता कलीगच्या तीन बॅगा आणि लाउंजकडे. प्रत्येक प्रोग्रॅमचे आपले टिअर असतात, महाराजा क्लबमध्ये रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. अलायन्सला ही नावं कळत नाहीत, त्याला फक्त दोनच कळतात, स्टार सिल्व्हर आणि स्टार गोल्ड. महाराजा क्लबचं गोल्ड आणि प्लॅटिनम दोन्ही बाहेर स्टार गोल्डच. म्हणजे लुफ्तान्साच्या काउंटरवर तुमच्या प्लॅटिनमला कुणी जास्त विचारणार नाही. आणि सिल्व्हरला दुसऱ्या एअरलाइनवर बॅग नाही, लाउंज नाही, वेटलिस्टमध्ये थोडं वर एवढंच. हे मी मुद्दाम सांगतोय कारण सिल्व्हर कार्ड घरी आलं की लोक सासू-सासऱ्यांना घेऊन लाउंजच्या दारात जातात.

स्टार गोल्डला बॅग कशी मिळते, तर दोन पद्धती आहेत. जिथे बॅगा मोजतात, म्हणजे तिकिटावर `2PC` असं लिहिलेलं असतं, तिथे एक बॅग जास्त, 23 किलोपर्यंतची. तुमच्या शिकागोच्या तिकिटावर 2 असतील तर 3 होतात. जिथे वजन मोजतात, म्हणजे तिकिटावर 30 किलो असं काही असतं, तिथे 20 किलो जास्त, म्हणजे 50. लोकांचा गोंधळ असा होतो की गोल्ड आहे म्हणजे प्रत्येक बॅग 32 किलोची चालेल. नाही. इकॉनॉमीत बॅग 23 चीच राहते, फक्त एक वाढते, आणि एखादी बॅग 26 भरली तर त्या बॅगेचे जास्त वजनाचे पैसे तुम्ही गोल्ड असूनही लागतात. मसाले, लोणची, चकलीचे डबे तिन्हीत वाटून भरा. नुसतं हॅंड बॅगेजचं स्वस्त तिकीट असेल तर त्यावर काही एअरलाइन गोल्डलाही बॅग देत नाहीत, ते त्या एअरलाइनच्या बॅगेज पानावर बघून घ्या. आणि ही जादा बॅग फक्त कार्ड ज्याचं त्याची, बायको-मुलं एकाच पीएनआरवर असली तरी त्यांची वाढत नाही.

अजून एक खड्डा पुणेकरांसाठी. मुंबईऐवजी कधी दिल्लीहून फ्लाइट असते आणि पुणे-दिल्ली वेगळ्या तिकिटावर इंडिगोने काढतात स्वस्त पडतं म्हणून. इंडिगो स्टार अलायन्समध्ये नाही, डोमेस्टिकला 15 किलो, तुमचं गोल्ड तिथे कुणी बघत नाही. तीन बॅगांचे 69 किलो घेऊन गेलात तर 54 किलोचं एक्सेस, त्यात आंतरराष्ट्रीय तिकिटावर वाचवलेलं सगळं जाईल. एकाच तिकिटावर पुणे-दिल्ली-पुढे असेल तर शेवटपर्यंतची बॅगेज अलाउन्स लागते. तसंच तिकिटावर एअर इंडियाचा फ्लाइट नंबर आणि विमान एअर इंडिया एक्स्प्रेसचं, असंही होतं. एअर इंडिया एक्स्प्रेस अलायन्सची मेंबर नाही, त्यामुळे अलायन्सचे हक्क त्या सेगमेंटला धरू नका. तिकिटावर बारीक अक्षरात ऑपरेटेड बाय लिहिलेलं असतं, ते वाचायचं, कारण हक्क विमान कुणाचं आहे त्यावर ठरतात.

लाउंज. स्टार गोल्डला त्या दिवशी अलायन्सच्या विमानाने निघायचं असेल तर स्वतःला आणि एका पाहुण्याला प्रवेश, पाहुणा त्याच फ्लाइटचा पाहिजे. क्लास कुठलाही, इकॉनॉमी चालतं. चार जणांचं कुटुंब असेल तर दोघं आत आणि दोघं बाहेर, हे आधीच घरी ठरवून ठेवा नाहीतर दारात मुलांसमोर वाद होतो. पोचल्यावर लाउंज मिळत नाही, निघतानाच. फ्रँकफर्टला एक मजा आहे, तिथे लुफ्तान्साचं बिझनेस लाउंज वेगळं आणि सिनेटर लाउंज वेगळं, आणि स्टार गोल्डवाल्याला सिनेटर मिळतं. म्हणजे तुमचा कलीग इकॉनॉमीच्या तिकिटावर सिनेटरमध्ये बसतो आणि कार्ड नसलेला साहेब बिझनेस क्लासच्या तिकिटावर बिझनेस लाउंजमध्ये, आणि साहेबाला पाहुणाही नेता येत नाही कारण तिकिटावरच्या प्रवेशात पाहुणा नसतो, तो कार्डावरच्या प्रवेशात असतो. शिकागोची फ्लाइट शेंगेनच्या बाहेरच्या गेटवरून सुटते, तेव्हा त्या बाजूचंच लाउंज शोधा, पासपोर्ट कंट्रोल ओलांडून दुसऱ्या बाजूला जायच्या भानगडीत पडू नका.

लाउंजला बोर्डिंग पासवर `*G` छापलेलं असेल तर दुसरं काही लागत नाही. नसेल तर फोनमधलं डिजिटल कार्ड बऱ्याचदा चालतं, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा, तारीख दिसेल असा, माझ्या त्या क्लायंटसारखं नेट शोधत बसू नका. आणि बँकेच्या क्रेडिट कार्डवर मिळणारं लाउंज वेगळं, त्याचा या नंबरशी काही संबंध नाही, ते मुंबईला चालेल पण फ्रँकफर्टला सिनेटरच्या दारात ते कार्ड काढू नका.

शेवटचं, कुठल्या प्रोग्रॅममध्ये जमा करायचं. तुम्ही पुण्यात राहता आणि एअर इंडियाही घेता तर महाराजा क्लब ठेवा. पण तुमचा एखादा भाऊ किंवा मित्र अमेरिकेतच राहून युनायटेडने डोमेस्टिक उडत असेल तर त्याला सांगा, युनायटेडच्या स्वतःच्या गोल्डला नुसत्या डोमेस्टिक प्रवासात त्या कार्डवर युनायटेड क्लब मिळत नाही, आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच मिळतो. दुसऱ्या स्टार एअरलाइनचं गोल्ड असेल तर त्याच डोमेस्टिक फ्लाइटला त्याच क्लबमध्ये प्रवेश आहे. म्हणून तिथले बरेच देशी लोक युनायटेडने उडतात आणि माइल्स दुसऱ्याच एअरलाइनच्या खात्यात टाकतात. टिअरसाठी उडून मिळालेले पॉइंट लागतात, क्रेडिट कार्डवरून ट्रान्सफर केलेले बहुतेक ठिकाणी टिअरमध्ये मोजत नाहीत, ते फक्त तिकीट घ्यायला.

तुम्ही आज काय करायचं तर आधी महाराजा क्लबचं लॉगिन सुरू करा आणि नाव पासपोर्टप्रमाणे करा, मग दोन ट्रिपची ई-तिकिटं मेलमधून काढून उड्डाणाच्या तारखा बघा, जी ट्रिप जुनी तिचा क्लेम आधी टाका. अकाउंट्सला उद्या सकाळी फोन करा, बोर्डिंग पास बहुतेक तिथेच आहेत.